मोरोक्कोचा ट्रायलोबाइट फोटोवरून घेताना या चुका टाळा

ट्रायलोबाइट म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहणाऱ्या कवचधारी प्राण्यांचे जीवाश्म. मोरोक्कोतल्या अल्निफ आणि एर्फूद भागातले ट्रायलोबाइट ऑनलाइन भरपूर मिळतात, आणि त्यांत नकली मालही भरपूर असतो. नवखा माणूस बहुतेक वेळा तडा गेलेला खरा नमुना सोडतो आणि गुळगुळीत नकली उचलतो.

भेग हा दोष समजणं, ही पहिली चूक. तिथले कारागीर चुनखडक फोडत जातात. फुटलेल्या बाजूवर प्राण्याचा छेद दिसला की तुकडे पुन्हा चिकटवतात आणि मग वरचा खडक कोरून काढतात. म्हणून खऱ्या नमुन्यात बऱ्याचदा एक बारीक रेघ खडकातून निघते, प्राण्याच्या पाठीवरून जाते आणि पलीकडच्या खडकात तशीच पुढे सरकते. फोटो मोठा करून ती रेघ बोटाने शोधा. ती प्राण्याच्या कडेशी येऊन अचानक थांबत असेल, तर प्राणी बाहेर बनवून तिथे बसवलेला असू शकतो.

हत्याराच्या खुणांचंही तसंच. हवेच्या दाबावर चालणाऱ्या बारीक छिन्नीचे फिकट ओरखडे प्राण्याभोवतीच्या खडकावर दिसणं अगदी स्वाभाविक आहे. ते कवचापाशी थांबायला हवेत. कुठे एखादा चुकून लागलेला टोचा चालतो. पण पाठीच्या प्रत्येक खाचेच्या तळाशी तेच ओरखडे असतील, तर खाचा माणसाने कोरल्या आहेत. उलट कुठेच ओरखडा नाही, खडक आणि कवचाचा पोत एकसारखा आणि खाचांमध्ये टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं दिसतात, तर तो रेझिनचा साचा समजा. ती भोकं म्हणजे ओतताना अडकलेले हवेचे बुडबुडे.

नमुना फॅकॉप्स किंवा ड्रोटॉप्स या प्रकारच्या ट्रायलोबाइटचा असेल तर डोळ्याचा जवळून फोटो मागा. यांच्या डोळ्यात भिंगं ओळीने मांडलेली असतात आणि प्रत्येक भिंग सुटं, फुगीर दिसतं. नकलीत तिथे बहुधा पुसट चट्टा असतो.

रंग फार एकसारखा असणं चांगलं लक्षण नाही. खऱ्या कवचाची छटा जागोजागी बदलते आणि टवका उडालेल्या जागी आतला खडक उघडा पडतो. काळा रंग कडेबाहेर खडकावर पसरलेला किंवा भेगेत साचलेला दिसला, तर तो वरून लावलेला आहे. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमधल्या ओकेनाइट या खनिजाचंही हेच: ते पांढरं असतं, पण गडद गुलाबी किंवा निळे गोळे रंगवून विकले जातात.

काटेरी ट्रायलोबाइटमध्ये खरं धड आणि रेझिनचे काटे असा जोडकामाचा नमुना मात्र साध्या फोटोत पकडणं कठीण. त्यासाठी विक्रेत्याकडून तीन फोटो मागा: एका बाजूने तिरपा उजेड टाकलेला, मागच्या बाजूचा आणि अंधारात अतिनील टॉर्चखालचा. बरेच गोंद आणि रेझिन अतिनील प्रकाशात खडकापेक्षा वेगळे चमकतात. सगळेच चमकत नाहीत, म्हणून चमक नसली तरी नमुना खरा ठरत नाही. काट्यांमुळे किंमत वाढत असेल आणि हे फोटो मिळत नसतील, तर तो नमुना घेऊ नका.