सराफ्याचा शनिवार न सोडता वजन कसं उतरलं

शनिवारी रात्री मित्रांबरोबर इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात जायचं म्हणून मी दिवसभर जवळजवळ उपाशी राहायचो. दहाला पोचेपर्यंत भूक इतकी खवळलेली असायची की गराडू कंदाचे तुकडे, भुट्ट्याचा कीस, जलेबा, शिकंजी सगळं एकटाच संपवायचो. वजन महिनोन् महिने तिथंच.

मग उलटं केलं. दुपारी नेहमीचं जेवण, आणि आठ वाजता वाटीभर घट्ट वरण, शंभर ग्रॅम पनीर, काकडी. पोळी-भात तेवढा वगळला. प्रथिनांनी पोट भरलेलं असलं की ठेल्यासमोर डोकं शांत राहतं. कीस मला मनापासून आवडतो, ती प्लेट पूर्ण माझी. गराडू तळलेले, म्हणून मित्राच्या द्रोणातले दोनच तुकडे. एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण 120 कॅलरी. आणि इंदूरची शिकंजी लिंबाची नसते, दाट दुधाची, गोड असते. ती आम्ही चौघांत एक घेतो.

मुंजीच्या पंगतीतही असंच ठरवून खातो. तिथं नुसतं "नको" म्हटलं की आग्रह वाढतो. "मावशी, आधी मठ्ठा वाढ, जिलबी शेवटी एकच घेईन," म्हटलं की तीही खूश.

सराफ्याच्या दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर दिसतो. त्यात बहुतेक मिठाने आणि पिठाच्या, गोड पदार्थांनी धरून ठेवलेलं पाणी असतं. पूर्वी मी घाबरून रविवारी पुन्हा उपाशी राहायचो. आता रविवारी नेहमीसारखं जेवतो आणि वजन बुधवारी सकाळी करतो. चार महिन्यांत साडेचार किलो उतरलं.