बोटाला चेंडू लागला? ओढू नका, आधी सांधा ओळखा

भात कापून शेतं मोकळी झाली की सत्तरी-पेडण्यापासून काणकोणापर्यंत रविवारच्या मॅची सुरू होतात. संध्याकाळी देवळासमोर किंवा वाड्यावरच्या मैदानात व्हॉलीबॉलचं जाळंही बांधलं जातं. त्यानंतर दर सोमवारी एक तरी सुजलेलं बोट दवाखान्यात येतं. चेंडू समोरून येऊन बोटाच्या टोकावर आदळलेला असतो. 'जाम झालंय, दोन दिवसांत बसेल' असं म्हणत बोटाचा मालक खुर्चीत बसतो. बहुतेकांचं खरंच बसतं. ज्यांचं बसत नाही, त्यांच्याकडून त्याच त्या चुका झालेल्या असतात.

मैदानावरच बोट ओढणं

ही चूक सगळ्यांत लाडकी. बोट लागलं की संघातला एक जाणता पुढे येतो, टोक धरतो आणि कडक् करून ओढतो. 'सुटलं' म्हणतो. सुटलेलं काहीच नसतं. जाम झालेल्या बोटात अडकलेली वस्तू नसते. सांध्याभोवतीचे पट्टे ताणलेले किंवा अर्धवट फाटलेले असतात, आतून रक्त आणि पाणी साचत असतं. ओढल्यावर होणारा आवाज हा रोज बोटं मोडताना होतो तोच. पण हाडाचा कपचा निघालेला असेल तर ओढण्याने तो आणखी सरकतो, आणि अर्धा फाटलेला पट्टा पूर्ण फाटतो.

सांधा उघड निखळलेला असेल, म्हणजे मधलं पेर पायरीसारखं वर चढलेलं दिसत असेल, तर ते जाग्यावर बसवणं हे डॉक्टरचं काम. आधी एक्स-रे, मग बोट बधिर करून सांधा बसवायचा, मग पुन्हा एक्स-रे. बसवताना तळव्याकडचा पट्टा सांध्यात अडकला तर कितीही ओढलं तरी सांधा बसत नाही. उलट जोर लावू तितका तो घट्ट अडकतो. म्हणून निखळलेलं बोट आहे तसंच शेजारच्या बोटाला सैल बांधावं, हात छातीपेक्षा वर धरावा आणि निघावं.

मैदानावर करायच्या गोष्टी दोनच. अंगठी असेल तर लगेच काढायची, कारण अर्ध्या तासाने ती कापावी लागते. आणि कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावायचा, पहिले दोन दिवस दर दोन-तीन तासांनी. बाम, गरम तेल किंवा फेणी चोळायची हौस असेल तर ती कंबरेसाठी राखून ठेवावी. ताज्या माराला चोळलं की सूज वाढते.

सगळ्या सुजलेल्या बोटांना एकच उपचार

बोटाला तीन सांधे. नखाजवळचा, मधला आणि मुठीच्या उंचवट्यावरचा. कोणता सांधा आणि त्याची कोणती बाजू दुखते, यावर पुढचं सगळं ठरतं. दुसऱ्या हाताच्या एका बोटाने हळूच दाबून पाहावं. वरची बाजू, तळव्याकडची बाजू, दोन्ही कडा. दुखरी जागा सापडते.

मधल्या सांध्याची तळव्याकडची बाजू दुखत असेल तर बहुधा तिथला पट्टा ताणलेला असतो. बोट मागे वाकल्यावर हे होतं. व्हॉलीबॉलमध्ये ब्लॉक करताना नेहमीचंच. सांधा डुगडुगत नसेल आणि एक्स-रे ठीक असेल तर ते बोट शेजारच्या बोटाला बांधायचं. मध्ये कापसाची किंवा गॉजची पातळ घडी, मग अर्धा इंच रुंद चिकटपट्टीचे दोन फेरे, एक सांध्याच्या वर आणि एक खाली. सांध्यावर पट्टी नको. दुखणं थोडं उतरलं की चार-पाच दिवसांत मूठ वळवायला सुरुवात करायची आणि खेळताना तीन-चार आठवडे पट्टी ठेवायची. इथे लोक घाबरून बोट सरळ फळीवर तीन-चार आठवडे बांधून ठेवतात. मधला सांधा फार लवकर आखडतो. फळी काढल्यावर मूठ वळत नाही आणि मग फिजिओथेरपीत महिने जातात.

तोच सांधा, पण दुखणं वरच्या बाजूला, तर उपचार अगदी उलट. तिथे बोट सरळ करणारी दोरी मधल्या पेराच्या मुळाशी चिकटलेली असते. ती सुटली तरी पहिल्या आठवड्यात बोट जेमतेम सरळ होतं, कारण कडेच्या दोन दोऱ्या काम उचलतात. एक्स-रेमध्ये काही दिसत नाही. दोन-तीन आठवड्यांत त्या कडेच्या दोऱ्या खाली घसरतात, मधला सांधा वाकतो आणि नखाजवळचा उलटा वर उचलला जातो. तेव्हा दुरुस्ती अवघड असते.

हे लवकर ओळखायची एक सोपी तपासणी आहे. मधला सांधा टेबलाच्या कडेवर काटकोनात वाकवायचा. दुसऱ्याने मधलं पेर वरून धरून ठेवायचं आणि बोटाच्या मालकाने बोट सरळ करायचा प्रयत्न करायचा. त्याच वेळी नखाचं टोक हलवून पाहायचं. ते ढिलं लागलं तर दोरी शाबूत. ते ताठ झालं आणि मधल्या पेराला जोर येत नसेल तर दोरी तुटलेली. मार ताजा असताना वेदनेमुळे तपासणी फसते, म्हणून पाच-सहा दिवसांनी पुन्हा करावी. दोरी तुटली असेल तर फक्त मधला सांधा सहा आठवडे सरळ बांधून ठेवायचा. नखाजवळचा सांधा मोकळा सोडायचा आणि तो दिवसातून अनेकदा वाकवत राहायचं, म्हणजे कडेच्या दोऱ्या जागेवर राहतात.

पट्टी काढून 'बघूया जमतंय का'

नखाजवळचा सांधा खाली लोंबतो, स्वतःहून वर येत नाही, पण दुसऱ्या हाताने उचलला तर सरळ होतो. सीझन बॉल झेलताना टोकावर आदळला की हे होतं. तिथली दोरी तुटते किंवा हाडाचा बारीक कपचा घेऊन निघते. दुखणं कमी असतं, म्हणून लोक दुर्लक्ष करतात.

उपचार साधा आहे, आणि अधीर माणसाला तोच झेपत नाही. नखाजवळचा सांधा पूर्ण सरळ, किंचित मागे कललेला, सहा ते आठ आठवडे. चोवीस तास. मधला सांधा मोकळा. मागे इतका कलवू नये की सांध्यावरची कातडी पांढरी पडेल, कारण तिथे रक्त पोचत नाही आणि जखम होते.

एका विकेटकीपरचं उदाहरण बघा. वय एकोणीस, अनामिकेचं टोक साधारण ३० अंश लोंबलेलं. चौथ्या दिवशी आला. बाजूने काढलेल्या एक्स-रेत कपचा नव्हता, म्हणजे फक्त दोरी तुटलेली. प्लास्टिकचा स्प्लिंट बसवला, ४२ दिवस सांगितले. २३व्या दिवशी आंघोळीत त्याने तो काढला. टोक वर राहिलं. खूश होऊन त्याने ते दोन-तीनदा वाकवून पाहिलं. दुसऱ्या दिवशी टोक पुन्हा खाली. त्या वेळी दोरीची टोकं मऊ, कोवळ्या पेशींनी जोडलेली असतात आणि एकदा वाकवलं की तो जोड ताणून लांब होतो. झालेले २२ दिवस वाया गेले आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली. त्याचा हंगाम तिथेच संपला. दुसऱ्या खेपेला त्याने ४२ दिवस पाळले, पुढे तीन आठवडे रात्री आणि खेळताना स्प्लिंट लावला. टोक पाचेक अंश खाली राहिलं, पण ते त्यालाच दिसतं.

स्प्लिंट धुवायला काढावाच लागतो, विशेषतः इथल्या पावसाळ्यात. घामाने आणि पाण्याने कातडी पांढरी, सुरकुतलेली होते आणि फाटते. त्यासाठी हात टेबलावर पालथा ठेवावा. बोटाचं टोक टेबलाला टेकलेलं असतानाच स्प्लिंट पुढे ओढून काढावा, बोट पुसून कोरडं करावं, पंख्याखाली दोन मिनिटं धरावं आणि त्याच स्थितीत परत चढवावा. एकट्याने जमत नसेल तर घरच्या कुणाला टोक धरायला बसवावं. टोक एक क्षणही खाली पडता कामा नये. आंघोळ, नुस्तं साफ करणं, भांडी, या वेळी वरून प्लास्टिकची पिशवी आणि रबर. आइस्क्रीमच्या काडीचा स्प्लिंट डॉक्टरकडे पोचेपर्यंतच चालतो, कारण ती सरकते आणि सरकलेलं कळत नाही.

दोन-तीन आठवडे उशीर झाला असेल तरीही हाच उपचार बहुधा चालतो. म्हणून 'आता काय उपयोग' म्हणून सोडून देऊ नये.

टोक वाकतच नाही तर थांबू नका

उलट प्रकार. मूठ वळताना बाकी बोटं वळतात, एकाचं टोक सरळच राहतं. समोरच्याचा शर्ट ओढताना बोट अडकून बहुधा अनामिकेला हे होतं. तळव्याकडची दोरी सुटून मागे खेचली गेलेली असते. स्प्लिंटने ती परत येत नाही. ऑपरेशन लागतं आणि ते सात-दहा दिवसांच्या आत झालं तर बरं.

एक्स-रे कधी, आणि कोणता

हाड दाबल्यावर दुखतं, बोट वेडंवाकडं दिसतं, सांधा आडवा डुगडुगतो, टोक वर येत नाही किंवा वाकत नाही, मूठ वळल्यावर एक बोट दुसऱ्यावर चढतं, किंवा पाच-सहा दिवसांनीही सूज तशीच आहे, तर एक्स-रे. बारा-चौदा वर्षांखालच्या मुलांत तर लवकर, कारण हाडाच्या वाढीची पट्टी मोडू शकते. मुलाचं नख मुळाशी उचकटून रक्त येत असेल तर ते उघडं फ्रॅक्चर असू शकतं. त्यावर नुसती पट्टी बांधून चालत नाही. जखम झालेली, बधिर पडलेली, निळी-पांढरी झालेली बोटं त्याच दिवशी दाखवावीत. म्हापशाचं किंवा मडगावचं जिल्हा रुग्णालय, नाहीतर बांबोळीचं गोमेकॉ, जे जवळ असेल ते.

कागदावर 'हाताचा एक्स-रे' लिहून आणला तर उपयोग कमी. हाताच्या बाजूच्या फिल्ममध्ये चारही बोटं एकमेकांवर चढतात आणि कपचा लपतो. त्या एकाच बोटाचा, समोरून, तिरका आणि अगदी बाजूने असा मागावा. बाजूच्या फिल्ममध्ये दोन गोष्टी दिसतात. कपचा सांध्याच्या किती भागाचा आहे, आणि सांधा सरळ रेषेत आहे की पुढे-मागे घसरलाय. कपचा तिसऱ्या भागापेक्षा मोठा असेल किंवा सांधा घसरलेला असेल तर हाताच्या सर्जनला दाखवावं.

आणि एक्स-रे स्वच्छ आला म्हणजे सगळं ठीक, असं समजून लगेच पॅड बांधू नका. दोऱ्या आणि पट्टे एक्स-रेत दिसत नाहीत. मधला सांधा नीट बरा झाल्यावरही सहा महिने, कधी वर्षभर जाड राहतो. तोवर जुनी अंगठी चढत नाही, म्हणून सोनाराकडे धावू नका.