साप्ताहिक, दैनिक आणि तासाचा चार्ट एकत्र वाचताना या चुका टाळा

तीन टाइमफ्रेम पाहून सौदा करणाऱ्यांची नेहमीची तक्रार अशी असते की साप्ताहिक, दैनिक आणि तासाचा असे तिन्ही चार्ट तेजी दाखवत होते, तरीही खरेदी केल्यावर चार दिवसांत स्टॉपलॉस लागला. या तक्रारीतच चूक कुठे झाली ते दडलेले असते. तिन्ही चार्टना एकच प्रश्न विचारला आणि तिघांकडूनही ‘वर’ असे उत्तर येईपर्यंत वाट पाहिली, की भाव आपल्या सरासरीपासून बराच वर गेलेला असतो आणि पुढची स्वाभाविक घसरण आपल्या वाट्याला येते.

खरे तर तिघांची कामे वेगळी आहेत. साप्ताहिक चार्ट दिशा ठरवतो, दैनिक चार्ट खरेदीची जागा दाखवतो आणि तासाचा चार्ट फक्त वेळ सांगतो. मोठा कल तेजीचा असेल, तर चांगली खरेदी बहुतेकदा दैनिक चार्ट काही दिवस खाली येत असताना मिळते. म्हणजे त्या क्षणी दैनिक चार्ट साप्ताहिक चार्टच्या विरुद्ध दिसतो, आणि तसे दिसणे हा दोष समजू नये.

एक काल्पनिक शेअर घेऊन हे पाहू. साप्ताहिक चार्टवर त्याचे लागोपाठचे तळ ६९० आणि ७६० रुपयांवर आहेत, तर शिखरे ८१२ आणि ९०५ वर. तळ आणि शिखर दोन्ही चढते आहेत आणि २० आठवड्यांची सरासरी ७७८ वर असून तीही वर वळलेली आहे. दिशा तेजीची, याबद्दल वाद नाही.

९०५ चे शिखर झाले त्या आठवड्यात बुधवारी भाव ८९८ वर असताना तिन्ही चार्ट हिरवे होते. तासाच्या चार्टवर ब्रेकआउट पाहून एकाने तिथे खरेदी केली आणि दैनिक चार्टवरच्या जवळच्या तळाखाली, ८६४ वर, स्टॉपलॉस ठेवला. गुरुवारी भाव ९०५ पर्यंत जाऊन परतला, शुक्रवारी ८८१ वर बंद झाला आणि पुढच्या आठवड्यात स्टॉपलॉस लागला. मोठ्या कलाच्या दिशेनेच घेतलेला हा सौदा तोट्यात गेला, कारण दिशा बरोबर असली तरी जागा चुकली होती.

याच सौद्यात दुसरीही एक चूक होती, आणि ती सर्रास होते. बुधवारी दिसणारी साप्ताहिक कँडल अर्धीच असते. त्या दिवशी तिला वरची वात जवळजवळ नव्हती, म्हणून ती दमदार वाटली. शुक्रवारी दुपारी साडेतीनला तीच कँडल लांब वात घेऊन बंद झाली. आठवड्याच्या मध्यावर ‘साप्ताहिक ब्रेकआउट आला’ असे म्हणणे म्हणजे अजून न घडलेल्या गोष्टीवर पैसे लावणे आहे. साप्ताहिक चार्ट शुक्रवारचा बाजार बंद झाल्यावर वाचावा, शुक्रवारी सुट्टी असेल तर गुरुवारी, आणि दिशा व महत्त्वाच्या पातळ्या लिहून ठेवून पुढचा आठवडाभर त्याच धराव्यात. तासाच्या चार्टवर साप्ताहिक सरासरीची रेघ लावणाऱ्यांनी तर विशेष जपावे, कारण चालू आठवड्यात ती रेघ भावासोबत हलत राहते आणि नंतर मागे वळून पाहिल्यावर मात्र पहिल्यापासून तिथेच असल्यासारखी दिसते. जुन्या चार्टवर अप्रतिम चाललेली पद्धत प्रत्यक्ष बाजारात कोसळते, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. ओळखायचे असेल तर बुधवारी स्क्रीनचे चित्र जपून ठेवावे आणि शनिवारी त्याच जागेशी ताडून पाहावे.

आता त्याच शेअरमधली योग्य खरेदी पाहू. ९०५ वरून नऊ सत्रांत भाव ८१८ पर्यंत आला. तिथे दैनिक चार्टची ५० दिवसांची सरासरी ८२० च्या आसपास होती आणि जुने शिखर ८१२ खाली जवळच होते. ही जागा झाली, पण जागा आली म्हणून लगेच खरेदी करायची नाही. घसरणीत तासाच्या चार्टवर ८५८, ८४६ आणि ८३८ अशी उतरती शिखरे होती. ८१८ वरून पहिली उसळी ८३४ लाच थांबली. त्या पहिल्या हिरव्या कँडलवर खरेदी करण्याचा मोह होतो, पण तोपर्यंत उतरता क्रम मोडलेला नव्हता. पुढे भाव ८२५ ला थांबला, म्हणजे तळ वर सरकला, आणि त्यानंतर एक कँडल ८३८ च्या वर, ८४२ ला बंद झाली. त्या क्षणी तासाचा चार्ट साप्ताहिक दिशेकडे वळला. सोयीसाठी खरेदी त्याच भावात, ८४२ ला झाली असे धरू.

स्टॉपलॉस कुठे ठेवायचा, यातही चार्टची सरमिसळ होते. खरेदीची जागा दैनिक चार्टने दिली, म्हणून स्टॉपलॉसही तिथल्याच तळाखाली, ८१५ वर. जोखीम प्रति शेअर २७ रुपये. खरेदी तासाच्या चार्टवर झाली म्हणून तो ८२५ च्या खाली ठेवला, तर एका सकाळच्या हेलकाव्यात सौदा बाहेर पडू शकतो. उलट साप्ताहिक तळाखाली, ७६० च्या खाली ठेवला, तर जोखीम ८२ रुपयांहून जास्त होते आणि ९०५ पर्यंतचा ६३ रुपयांचा फायदा तिच्यापुढे अपुरा ठरतो. पाच लाखांच्या भांडवलावर एका सौद्यात एक टक्का, म्हणजे ५,००० रुपये, गमावण्याची तयारी असेल, तर २७ रुपयांच्या जोखमीवर १८५ शेअर बसतात. भाव अचानक खाली उघडला तर तोटा यापेक्षा मोठा होऊ शकतो. म्हणून तिमाही निकाल तोंडावर असताना असा सौदा मी टाळावा असेच सांगेन.

तासाच्या चार्टबद्दल आपल्या बाजारापुरती एक अडचण आहे. बाजार सकाळी ९.१५ ते दुपारी ३.३० असा ३७५ मिनिटे चालतो आणि त्याचे तासांत समान भाग पडत नाहीत. ९.१५ पासून मोजल्यास सातवी कँडल फक्त १५ मिनिटांची येते. काही चार्टवर मोजणी ९ पासून होते, तिथे पहिली कँडल ४५ मिनिटांची आणि शेवटची अर्ध्या तासाची दिसते. त्यामुळे एकाच शेअरवर दोन जणांना वेगवेगळे ‘तासाचे क्लोजिंग’ मिळते. आपली पहिली कँडल किती वाजता संपते ते तपासावे आणि शेवटच्या तुकड्याच्या क्लोजिंगवर खरेदी करू नये. किंवा ७५ मिनिटांची कँडल वापरावी. तिचे दिवसात बरोबर पाच समान भाग होतात आणि माझ्या मते तोच पर्याय सरस आहे.

साप्ताहिक सरासरी आडवी असेल आणि भाव तिच्या वरखाली फिरत असेल, तर ही पद्धत लागूच होत नाही. तिथे दिशाच नसल्याने जुळवायचे काय हा प्रश्न उरतो, आणि तो शेअर बाजूला ठेवावा.

खरेदी झाल्यावर तासाच्या चार्टचे काम संपते. त्यावरची एखादी लाल कँडल पाहून विकू नये, आणि स्टॉपलॉस लागण्याची वेळ आल्यावर ‘साप्ताहिक कल अजून तेजीचाच आहे’ असे म्हणत तो खाली सरकवू नये. आपल्या उदाहरणात ८१५ तुटले, तर साप्ताहिक तेजी ७६० पर्यंत शाबूत राहू शकते. पण हा सौदा ज्या जागेवर उभा होता ती जागा राहिलेली नसते. तेव्हा बाहेर पडून पुढच्या शुक्रवारी साप्ताहिक चार्ट नव्याने वाचायचा, आणि दैनिक चार्ट नवी जागा दाखवतो का ते पाहायचे.