झाड ओळखलं, पण देश चुकला: या चुका टाळा

सोलापुरातल्या एखाद्या जुन्या कॉलनीचा फोटो, नकाशावर पिन टाकून जागा ओळखण्याच्या खेळात, कुणा परदेशी खेळाडूपुढे आला, असं समजा. अंगणात नारळ. फाटकाच्या दोन्ही बाजूंना रॉयल पाम, ज्याला आपल्याकडे बरेच जण बॉटल पाम म्हणतात. रस्त्याकडेला गुलमोहर, कोपऱ्यात ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून आणलेलं उंच निमुळतं झाड आणि शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर माजलेली विलायती बाभूळ. रॉयल पाम क्यूबाकडचा, गुलमोहर मादागास्करचा, तो ख्रिसमस ट्री बहुधा न्यू कॅलेडोनियाचा आणि विलायती बाभूळ अमेरिका खंडातली. नारळ पाहून समुद्रकिनारा धरला, तर पिन थेट कोकणात पडणार. या झाडांवरून एवढंच कळतं की इथे हिवाळ्यात बर्फ पडत नाही आणि लोकांना सावली नि शोभा हवी आहे.

सोलापूर सांगणारी झाडं फोटोच्या कडेला असतात: ओढ्याकाठची शिंदी, बांधावरचा हिवर, माळावरची वेडीवाकडी बाभूळ. ती कुणी लावलेली नसतात, त्यामुळे त्यांच्याकडे कुणी बघतही नाही. खेळाडूंच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

चूक पहिली: निलगिरी दिसली की ऑस्ट्रेलिया

निलगिरीच्या बहुतेक जाती मूळच्या ऑस्ट्रेलियाच्या, हे खरं. पण आज पोर्तुगाल, स्पेनचा गॅलिसिया, इथिओपिया, ब्राझील, उरुग्वे, दक्षिण आफ्रिका, कॅलिफोर्निया आणि आपला दक्षिण भारत, सगळीकडे निलगिरी उभी आहे. म्हणून झाड ओळखल्यावर लगेच पुढचा प्रश्न विचारायचा: हे इथे उगवलं की आणून लावलं?

लावलेली निलगिरी ओळखायला पान बघत बसू नका, खोडं बघा. सगळी खोडं एका जाडीची, शेंडे एका उंचीवर, मधलं अंतर सारखं, साधारण तीनेक मीटर. गाडी पुढे सरकते तशी रांगांमधून आरपार फट दिसते आणि मिटते. आत पडलेलं म्हातारं झाड नाही, पोकळ खोड नाही, झुडपांचा थर विरळ. एकाच बुंध्यातून तीन-चार सरळ खोडं वर गेली असतील, तर ते झाड आधी तोडलेलं आहे आणि फुटव्यातून परत वाढलं आहे. लाकडासाठी राखलेल्या लागवडीची ही पक्की खूण. इथिओपियाच्या डोंगराळ भागात घरांच्या आजूबाजूला अशी काठ्यांसारखी सडसडीत निलगिरी खूप दिसते, कारण घर बांधायला तीच लागते.

ऑस्ट्रेलियाचं मूळ रान याच्या बरोबर उलट. तिथे दोन-तीन जातींच्या निलगिरी एकमेकींत मिसळलेल्या असतात. कुणाची साल गुळगुळीत पांढरी, कुणाची काळी खरबरीत. कोवळं झाड शंभर वर्षांच्या झाडाला खेटून उभं असतं. फांद्या मोडलेल्या, खोडात ढोल्या, बुंध्यावर वणव्याचा काळा डाग आणि त्याच जळक्या खोडावर खालपासून वरपर्यंत फुटलेली पालवी. खाली सालींचा नि वाळक्या फांद्यांचा खच. एवढा पसारा लागवडीत कुणी ठेवत नाही.

मात्र ऑस्ट्रेलियातही निलगिरीची लागवड आहे. टास्मानियाकडची ब्लू गम पश्चिम ऑस्ट्रेलियात रांगेने लावलेली आहे. तेव्हा रांग दिसली म्हणून ऑस्ट्रेलिया बाद होत नाही. तिथे रांगेच्या बाहेर, कुंपणापलीकडे किंवा रस्त्याच्या कडेला काय उगवलं आहे ते पाहायचं. तिथेही दुसऱ्याच जातीच्या वेड्यावाकड्या निलगिरी असतील तर ऑस्ट्रेलिया. बाहेर ओक, ज्याच्या सालीचं बूच होतं तो कॉर्क ओक आणि पाइन असतील तर पोर्तुगालकडे वळा.

चूक दुसरी: आपल्या झाडावर आंधळा विश्वास

ही खास आपल्याकडची चूक. कोरडी जमीन, धूळ, शेळ्या आणि रस्त्याकडेला कडुनिंब दिसला, की सोलापूरकराचा हात आपोआप भारतावर जातो. पण साहेलच्या पट्ट्यात, म्हणजे नायजर, नायजेरियाचा उत्तर भाग, सुदान इथे, कडुनिंब भरपूर लावला आहे. नायजरच्या माज्जिया खोऱ्यात तर वारा अडवायला शेतांमधून त्याच्या लांबच लांब रांगा उभ्या केल्या आहेत. चिंचेचं उलटं. ती आपल्याला घरची वाटते, पण मूळ आफ्रिकेची मानली जाते. बाभूळ तर दोन्हीकडची. म्हणून कडुनिंबाने भारत सिद्ध होत नाही. सोबत वड-पिंपळ, शिंदी, पळस यांपैकी काही आहे का ते शोधा.

चूक तिसरी: ‘पाम आहे’ एवढ्यावर थांबणं

आधी पानाचा आकार ठरवा. पिसासारखं लांब, की पंख्यासारखं गोल? नारळ, शिंदी, खजूर पिसाचे, ताड पंख्याचा. एवढ्या एका फरकाने अर्ध्या जाती गळतात. आपली शिंदी आणि कॅनरी बेटांचा खजूर नात्यातले आहेत, पण कॅनरीचं खोड जाडजूड असतं, माथा गच्च भरलेला असतो, आणि तो भूमध्य समुद्राभोवती, कॅलिफोर्नियात, दक्षिण अमेरिकेत बागांतून नि चौकांतून लावलेला दिसतो. त्यावरून देश ठरवू नका. फार कडक थंडी नसलेला प्रदेश एवढंच धरा.

पाम लावलेला की रानातला, हे वाळक्या झावळ्यांवरून बऱ्याचदा कळतं. वॉशिंग्टोनिया पामच्या वाळक्या झावळ्या गळून न पडता खोडाभोवती झग्यासारख्या लटकतात. शहरात त्या छाटतात, रानात राहतात. अर्थात दुर्लक्षित बागेतही त्या राहतातच, म्हणून ही खूण एकटी पुरत नाही.

चूक चौथी: बाओबाब म्हणजे आफ्रिका

हैदराबादच्या गोवळकोंड्याजवळ, मध्य प्रदेशातल्या मांडूत, कर्नाटकात सावनूरला आणि अगदी मुंबईतही बाओबाब आहेत; आपण त्याला गोरखचिंच म्हणतो. शतकांपूर्वी आफ्रिकेशी आलेल्या संबंधांतून ती इथे आली, असं मानतात. आपल्याकडे ती एकटी किंवा दोन-तीनच्या गटात, दर्गा, किल्ला, मठ अशा ठिकाणी, बऱ्याचदा पाराशेजारी असते. माळरानावर विखुरलेली दिसत नाही.

बाओबाबच्या आठ जाती मानतात: सहा फक्त मादागास्करच्या, एक आफ्रिका खंडाची आणि एक वायव्य ऑस्ट्रेलियाची. सरळ खांबासारखं उंच खोड आणि वर चिमूटभर पसारा असेल, तर मादागास्करचा पश्चिम भाग. बसकं, रुंद, सुरकुतलेलं खोड असेल, तर आफ्रिका. ऑस्ट्रेलियातली बाटलीसारखी आणि आसपास निलगिरी, म्हणजे किंबर्लीकडचा प्रदेश. आफ्रिकेतही लावलेलं आणि आपोआप उगवलेलं यांतली रेघ पुसट आहे. साहेलमध्ये पानं भाजीसाठी तोडतात, म्हणून गावाजवळच्या झाडांच्या फांद्या आखूड, मुठी आवळल्यासारख्या दिसतात. ही खूण दिसली तर मी दक्षिण आफ्रिकेऐवजी माली-बुर्किना फासोकडे झुकतो.

चूक पाचवी: सुरूला पाइन समजणं

कोकणच्या किनाऱ्यावरचा सुरू लांबून पाइनसारखाच दिसतो, पण तो पाइन नाही. खऱ्या पाइनच्या सुया जुडीने येतात आणि शंकू लाकडी, मोठे असतात. दुसरं म्हणजे खरे पाइन निसर्गतः उत्तर गोलार्धातले; विषुववृत्त ओलांडून ते फक्त सुमात्रात थोडेसे उतरतात. म्हणून चिली, न्यूझीलंड किंवा दक्षिण आफ्रिकेत पाइनचं जंगल दिसलं, तर ते लावलेलं किंवा लागवडीतून पसरलेलं. न्यूझीलंडमध्ये मुख्यतः कॅलिफोर्नियाचा माँटेरे पाइन आहे, आणि गंमत म्हणजे त्याचं मूळ रान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर अगदी थोडं उरलं आहे.

आपला अंगणातला ‘ख्रिसमस ट्री’ही पाइन नाही, पण तो कुक पाइन असेल तर त्याच्यात एक कामाची खोड आहे. तो विषुववृत्ताच्या दिशेने झुकतो. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे जगभरच्या झाडांवर मोजलेलं आहे. उत्तर गोलार्धात झाड दक्षिणेकडे कलतं, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे. होकायंत्र दिसत असेल तर गोलार्ध ठरवायला हे पुरेसं आहे. एका झाडावर मात्र विसंबू नका, वाऱ्यानेही झाड कलतं.

एक फोटो, सावकाश

सपाट हिरवं कुरण, तारेचं कुंपण, गुरं. लांबवर उंच झाडांचा गडद चौकोन. जवळ, कुरणात इतस्ततः, राखाडी जाड खोडाचे पाम.

लांबचा चौकोन निलगिरीचा आहे. त्याच्या कडा सरळ आहेत, माथा सपाट आहे आणि तो कुरणाच्या मधोमध अचानक सुरू होऊन अचानक संपतो. गुरांना वाऱ्यापासून आडोसा म्हणून लावलेली ही झाडं. ऑस्ट्रेलियाचा पहिला अंदाज इथे कमजोर पडतो, पण जात नाही.

आता पाम. पानं पिसासारखी, निळसर, खाली वाकलेली. अंतरं असमान, कुंपणाच्या दोन्ही बाजूंना, घरापासून दूर. असं कुणी लावत नाही. ऑस्ट्रेलियाच्या मोकळ्या मैदानांत जे देशी पाम दिसतात, ते बहुतेक पंख्याचे आणि उत्तरेकडचे. कॅनरीचा खजूर असता तर घराजवळ असता आणि माथा गच्च असता.

इथे एक अडचण येते. सगळे पाम जवळपास एका उंचीचे आहेत, पिल्लू एकही नाही. आपण वर म्हटलं की एका वयाची झाडं म्हणजे लागवड. पण गुरं कोवळी रोपं खाऊन टाकतात, त्यामुळे शतकानुशतकं नवीन पाम वाढलाच नाही आणि फक्त म्हातारे उरले. तपासायला कुरणात नको, कुंपणाबाहेरच्या पट्टीत बघा, जिथे गुरांचं तोंड पोचत नाही. तिथे जमिनीलगत झावळ्यांचे झुपके दिसले, तर पाम इथलाच.

हा बुटिया पाम. उरुग्वेच्या पूर्वेला रोचा प्रांतात, कास्तियोस गावाच्या आसपास त्याची अशी मैदानं आहेत. हाच पाम सीमेपलीकडे ब्राझीलच्या रिओ ग्रांदे दो सुलमध्येही आहे, आणि त्याचा भाऊ यातई पाम अर्जेंटिनाच्या एन्त्रे रिओसमध्ये आणि उरुग्वेच्या पश्चिमेला. यातई साधारणतः जास्त उंच वाढतो, त्यामुळे बुटक्या खोडांना पाहून अर्जेंटिनाची शक्यता कमी धरता येते. ब्राझील आणि उरुग्वे यांतला निवाडा मात्र झाडांवरून होत नाही. त्यासाठी पुढच्या वळणावरची पाटी पोर्तुगीजमध्ये आहे की स्पॅनिशमध्ये, ते बघावं लागतं.