थरथर सुटली की गूळ तोंडात? आधी मीटर लावा

समजा, शाहूपुरीतल्या बावन्न वर्षांच्या काकू. मधुमेह आठ वर्षांचा, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू. उपाशीपोटीची साखर ११५-१२० असायची, ती दोन महिन्यांत १६५ वर गेली. पथ्य तेच, रंकाळ्याची फेरीही तीच. वजन मात्र चार किलोने उतरलेलं. रोज दुपारी चारच्या सुमारास हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते. "साखर लो झाली" म्हणून काकू गुळाचा खडा खातात. एकदा लेकीने खडा तोंडात जाण्याआधी मीटर लावलं, तर आकडा २१४!

चूक इथेच होते. थायरॉईड जास्त चालतं तेव्हाही थरथर, घाम, धडधड हीच लक्षणं येतात. साखर ७० च्या खाली असेल तरच तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावं. मीटर हाताशी नसेल तर मात्र लो समजूनच साखर घ्या, लो अंगावर काढणं जास्त धोक्याचं.

साखर वाढते कशी? थायरॉईडचं हार्मोन वाढलं की यकृत जास्त ग्लुकोज रक्तात सोडतं, आतडी जेवणातली साखर भराभर शोषतात आणि इन्सुलिन शरीरातून लवकर निघून जातं. त्यामुळे कालपर्यंत पुरणारी गोळी आज अपुरी पडते. अशा वेळी नुसता डोस वाढवत गेलं, तर मूळ दुखणं तसंच राहतं.

वजन उतरलं म्हणून खूश होण्याचीही चूक होते. भूक वाढलेली असताना वजन घटत असेल आणि सकाळी उठल्या उठल्या नाडी शंभरच्या वर लागत असेल, तर टीएसएच आणि फ्री टी४ या थायरॉईडच्या रक्तचाचण्या करून घ्या. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबला सांगा, त्यांनी रिपोर्ट खोटा येऊ शकतो. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या एचबीए१सीवर निव्वळ विसंबू नका. या आजारात लाल पेशी लवकर बदलतात, त्यामुळे तो आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो.

काकूंचा टीएसएच जवळजवळ शून्य निघाला, म्हणजे थायरॉईड जास्तच चालत होतं, आणि ते आवरणारं कार्बिमाझोल सुरू झालं. खरी गफलत होते ती यापुढे. काही आठवड्यांत थायरॉईड ताळ्यावर येतं, तशी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गरजही उतरते. वाढवलेला डोस तसाच राहिला तर पहाटे साखर ६०-६५ वर येते. त्यात धडधडीसाठी प्रोप्रानोलोल चालू असेल तर लो झाल्याची थरथर आणि धडधड झाकली जाते, घाम तेवढा फुटतो. म्हणून उपचार सुरू झाल्यावर सुरुवातीचे दोन महिने उपाशीपोटीची साखर रोज वहीत लिहा आणि आकडे उतरू लागले की डॉक्टरांना दाखवून डोस कमी करून घ्या. कार्बिमाझोलवर असताना ताप आणि घसादुखी आली तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रक्तपेशी मोजायला सीबीसी करून घ्यायचं.