वायरलेस हेडफोनची स्पेक शीट कशी वाचावी

विक्रीच्या पानावरची झगमगीत यादी सोडा, कंपनीच्या साइटवरचं संपूर्ण स्पेसिफिकेशन उघडा. आपण सोनीचा WH-1000XM5 घेऊ, कारण त्याचे आकडे अटींसह दिले आहेत.

ड्रायव्हर: हा हेडफोनच्या आतला, आवाज काढणारा छोटा स्पीकर. आधीच्या XM4 मध्ये ४० मिमीचा होता, XM5 मध्ये ३० मिमीचा आहे. मोठा ड्रायव्हर म्हणजे जास्त बेस, हा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका. कानाभोवती उशी नीट बसते का आणि कंपनीने ट्यूनिंग कसं केलंय, यावर बेस जास्त अवलंबून असतो.

फ्रिक्वेन्सी रेंज: ४ ते ४०,००० हर्ट्झ हा आकडा वायरचा आहे. साध्या ब्लूटूथवर तोच हेडफोन २० ते २०,००० देतो. शिवाय पुढे ± डेसिबल लिहिलेलं नसेल, तर त्या पट्ट्यात आवाज कुठे चढतो आणि कुठे पडतो हे कळतच नाही. अशा आकड्यावरून दोन मॉडेल तोलू नका.

इम्पीडन्स आणि सेन्सिटिव्हिटी: पहिला आकडा म्हणजे हेडफोन विजेला किती विरोध करतो, ओहममध्ये; दुसरा म्हणजे ठरावीक विजेवर तो किती मोठा वाजतो, डेसिबलमध्ये. खरा घोळ इथे होतो. ‘३२ ओहमच्या वर गेलात तर फोनला झेपणार नाही’ हे वायरवाल्या हेडफोनचं गणित लोक सर्रास वायरलेसला लावतात. ब्लूटूथवर ऐकताना फोन फक्त डेटा पाठवतो. ड्रायव्हर हलवतो तो हेडफोनच्या आतला अँप्लिफायर, आणि तो त्या ड्रायव्हरसाठीच निवडलेला असतो. म्हणून वायरचं सॉकेटच नसलेल्या इअरबड्सच्या शीटवर हे दोन आकडे दिसले, तर खुशाल सोडून द्या.

सॉकेट असेल तर मात्र अट वाचा. XM5 वायरने जोडून चालू ठेवला तर ४८ ओहम आणि १०२ डेसिबल. बंद ठेवला तर १६ ओहम आणि १०० डेसिबल. वरवर पाहता चालू असताना आवाज मोठा वाटेल. पण हे डेसिबल एका मिलीवॉटमागे मोजलेले आहेत, आणि फोन किंवा लॅपटॉपचं सॉकेट साधारण ठरावीक व्होल्टेज देतं. एका व्होल्टला किती, ते असं काढा:

```
dB/V = dB/mW + 10 × log10(1000 / ओहम)
```

चालू: १०२ + १३ = ११५. बंद: १०० + १८ = ११८. म्हणजे कमी आकड्याचीच बाजू मोठी वाजते. म्हणूनच एका शीटवर dB/mW आणि दुसरीवर dB/V असेल तर थेट तुलना करू नका; ३२ ओहमला या दोन मापांत १५ डेसिबलचा फरक पडतो. एककच दिलं नसेल तर तो आकडा धरूच नका.

चार्जिंग संपल्यावर वायर लावून ऐकायचा विचार असेल, तर घेण्यापूर्वी दुकानात हेडफोन बंद करून एक गाणं ऐका. बंद असताना आतलं ट्यूनिंग काम करत नाही आणि आवाजाचा पोत बदलतो. तो किती बदलतो, हे कुठल्याही शीटवर लिहिलेलं नसतं.