शिष्यवृत्तीचे निबंध तपासताय? भाषेला गुण देण्याची चूक टाळा

आमच्या इंदूरच्या मंडळाची छोटी शिष्यवृत्ती आहे. बारावीनंतरच्या मुलांकडून पानभर निबंध मागवतो : घरची परिस्थिती काय, पुढे काय करायचंय आणि त्यासाठी आजवर काय केलंय. मराठीत लिहा किंवा हिंदीत. तपासणारे आम्ही पाचजण, त्यातले तिघे निवृत्त शिक्षक. शुद्धलेखनाची चूक दिसली की लाल पेन आपोआप उघडणारी माणसं.

एका वर्षी एक निबंध असा सुरू झाला : ‘परिस्थितीच्या निखाऱ्यांवरून चालताना माझ्या पावलांना फोड आले, पण स्वप्नांना नाही.’ पुढे समाजाचं ऋण, इंजिनिअरिंग, आईवडिलांचे कष्ट. आमच्यातल्या एका काकूंनी तो मोठ्याने वाचून दाखवला. परिस्थिती, ध्येय, पुरावा या तिन्ही रकान्यांत दहापैकी आठ-आठ गुण पडले.

त्याच गठ्ठ्यात दुसरा होता : ‘पप्पांची नौकरी दोन साल आधी सुटली. मी संध्याकाळी 6 ते 9 मेडिकलवर बसते, 2,500 मिळतात. त्यात लाईट बिल आणि भावाची फी निघते. दवा नाही कळायच्या म्हणून डायरी केली. एका सॉल्टची वेगळी वेगळी नावं लिहिली, 140 झाली. मी बायो घेतलं होतं. डी.फार्म दोन साल आहे, मग बी.फार्मच्या दुसऱ्या सालात जाता येतं.’ हिला पाच, चार, पाच.

चूक ओळखायची कशी

गुणपत्रिका आडवी वाचा. एकेका मुलाचे तिन्ही आकडे जवळपास सारखेच दिसत असतील, तर तुम्ही तीन गोष्टी तपासल्याच नाहीत. एकच ठसा तीनदा लिहिलात. हे जुनं दुखणं आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1920 साली सैन्यातले अधिकारी आपल्या हाताखालच्यांना कसे गुण देतात ते पाहिलं, तेव्हा शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, स्वभाव असे सगळे आकडे एकमेकांना विचित्रपणे चिकटलेले निघाले. त्याला तो ‘हेलो इफेक्ट’ म्हणजे वलयाचा परिणाम म्हणाला. आमच्याकडे ते वलय पहिल्या वाक्याभोवती होतं.

यावर उपाय म्हणजे एक निबंध संपवून दुसरा घ्यायचा नाही. आधी सगळ्या निबंधांतली फक्त परिस्थिती तपासायची. मग गठ्ठा पिसायचा आणि सगळ्यांचं ध्येय. मग पुन्हा पिसून पुरावा. पिसणं महत्त्वाचं, कारण फार सुंदर निबंधानंतर आलेला साधा निबंध उगीचच फिका वाटतो. वेळ जास्त लागतो, आणि चहाही. पण पहिल्या वाक्याची मोहिनी दुसऱ्या फेरीपर्यंत बरीच उतरलेली असते.

पेन्सिलने अधोरेखन

दुसरा बदल अधिक कामाचा ठरला. गुण देण्याआधी ज्या वाक्यातून काही माहिती कळते, तेवढंच अधोरेखित करायचं. माहिती म्हणजे कोणी, काय, कधी, किती. मग फक्त त्या रेषांना गुण. पुराव्यासाठी आम्ही शून्य ते चार अशी पट्टी केली. नुसती विशेषणं असतील तर शून्य. ‘मी मेहनती आहे’ असा दावा असेल तर एक. काय केलं ते सांगितलं, तर दोन. त्यासोबत वेळ किंवा आकडा असेल तर तीन. आणि कोणाला विचारून वा काही बघून खातरजमा होईल असं असेल, तर चार. परिस्थिती आणि ध्येयालाही अशाच पट्ट्या.

निखाऱ्यांच्या निबंधात पेन्सिल दोनदा टेकली : वडिलांचा छोटा धंदा आहे आणि इंजिनिअरिंगला जायचंय. परिस्थिती दोन, ध्येय एक, पुरावा एक. बारापैकी चार. मेडिकलवाल्या मुलीच्या पानावर जवळजवळ प्रत्येक ओळ रेघेची. तीन, तीन, तीन. नऊ. डायरी कोणी पाहिली नव्हती, म्हणून पुराव्याला चार नाहीत.

तिच्या ध्येयाला तीन का, यावर वाद झाला. ‘मेडिकलच्या दुकानात बसायचं हे काय ध्येय?’ असं एक सर म्हणाले. मोठं ध्येय आणि माहिती असलेलं ध्येय यांत आपण गल्लत करतो. डी.फार्मला बारावीत विज्ञान लागतं, ते तिच्याकडे आहे. अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे आणि पुढे बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट खरोखर आहे. पुढची पायरी तिने विचारून घेतली होती. फीचा हिशोब लिहिला असता तर चार दिले असते. आयएएस व्हायचंय म्हणणाऱ्याने पदवी कशात घेणार हे लिहिलं नसेल, तर त्याला एकच.

परिस्थितीच्या रकान्यात आणखी एक खड्डा आहे : दुःख मोजणं. जास्त रडवेल त्याला जास्त गुण दिले, की पुढच्या वर्षी मुलं रडवायला शिकतात. उत्पन्न किती ते दाखल्यावरून कळतंच, त्याला निबंधात पुन्हा गुण कशाला? इथे बघायचं ते एवढंच, की अडचणीमुळे या मुलाच्या दिवसात काय बदललं आणि त्याने त्यावर काय केलं. सहा ते नऊ दुकानात बसणं हे उत्तर झालं.

आणि पुरावा म्हणजे सर्टिफिकेट नव्हे. स्पर्धांना फी असते, जायला भाडं लागतं. डायरी फुकट असते.

दोघांनी स्वतंत्रपणे गुण द्यावेत, एकमेकांचे न बघता. एखाद्या रकान्यात दोन किंवा जास्त गुणांचा फरक पडला तर सरासरी काढू नका. दोघांनी आपापल्या रेषा समोरासमोर ठेवाव्यात. बहुतेकदा एकाने वाक्य पाहिलेलंच नसतं.

उलटी चूक

हे सगळं लागू केल्यावर आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. नीट लिहिलेलं दिसलं की संशय. तोडकीमोडकी भाषा म्हणजे खरेपणा, असं काही नसतं. आकडेही रचता येतात. म्हणून पट्टीत वरच्या आलेल्यांना आणि ज्यांच्या पानावर रेषाच फार कमी पडल्या त्यांना फोन करायचा ठरवला. सगळ्यांना तेच तीन प्रश्न : कालचा दिवस सकाळपासून सांग. पुढच्या प्रवेशासाठी काय काय लागतं? तू लिहिलंस त्यातलं काय दाखवू शकशील? उत्तरं जशीच्या तशी लिहून घ्यायची आणि गुण दुसऱ्याने द्यायचे. नाहीतर गोड बोलण्याला गुण मिळतात, म्हणजे रोग तोच.

मुलीने डायरी आणली. शाळेची जुनी वही, निळ्या-काळ्या शाईत, काही नावं खोडून दुरुस्त केलेली. पुरावा चार.

निखाऱ्यांवाला मुलगा फोनवर गडबडला. मग म्हणाला, ‘काका, मी रोज रात्री दोन तास पप्पांची बिलं कॉम्प्युटरवर चढवतो. आधी उधारी कागदावर होती, आता मी शीट बनवली आहे, कोणाचे किती दिवस झाले ते लाल होतं.’ इंजिनिअरिंग कशातलं? कॉम्प्युटर. कॉलेजांची फी त्याने त्याच शीटमध्ये लिहून ठेवली होती. मी विचारलं, हे निबंधात का नाही लिहिलंस?

‘क्लासच्या सरांनी सांगितलं, घरचं धंद्याचं लिहू नको, चांगलं नाही दिसत.’

त्याचे चाराचे आठ झाले आणि तो दुसऱ्या यादीत आला. मुलगी दहा गुणांनी पहिल्या यादीत होतीच. त्यानंतर आम्ही फॉर्मवरचा ‘निबंध’ हा शब्दच काढला. आता तिथे तीन चौकटी आहेत, आणि पहिल्या चौकटीवर छापलंय : ‘गेल्या आठवड्यातला एक दिवस वेळेसकट लिहा. घरच्या धंद्याचं, कामाचं लिहिलं तरी चालेल.’